सातबारा, हिशोबपट्टी आणि आयकरची नोटीस

आजचा भाग आपल्या साखरखेर्ड्यासारख्या गावातून पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्यांसाठी आहे. पगार तिकडे, शेती इकडे, आणि मोबाईलवर आयकर खात्याचा मेल: शेतीच्या उत्पन्नाचा खुलासा करा. ह्याचं उत्तर कसं लिहायचं?

आधी नोटीस खरी आहे का ते बघा. मेलमधल्या लिंकला हात लावू नका. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. incometax.gov.in उघडून `Authenticate Notice/Order Issued by ITD` मध्ये तो टाकला की खरं-खोटं कळतं. खरी असेल तर लॉगिन करून `e-Proceedings` मध्येही ती दिसते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका इंजिनिअर भाऊच्या नावावर ५ हेक्टर २० आर कोरडवाहू जमीन आहे. २०२३-२४ मध्ये सोयाबीन, तूर आणि हरभरा विकून ८,११,८०० रुपये आले, खर्च २,६१,८०० झाला. राहिले साडेपाच लाख. हे उत्पन्न कलम १०(१) प्रमाणे करमुक्त आहे, पण रिटर्नमध्ये दाखवावं लागतं (पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते धरलं जातं). निव्वळ रक्कम पाच लाखांच्या वर गेली की फॉर्म जास्तीची माहिती मागतो: जिल्हा, पिनकोड, जमीन किती, स्वतःची की भाड्याची, बागायत की कोरडवाहू.

इथेच घोळ होतो. फॉर्म एकर विचारतो आणि सातबारा हेक्टर-आर सांगतो. भाऊने रकान्यात ५.२० टाकलं, म्हणजे खात्याला कोरडवाहू एकरी लाखाच्या वर उत्पन्न दिसलं. शंका येणारच ना! एका हेक्टरचे २.४७१ एकर धरले तर जमीन १२.८५ एकर भरते आणि एकरी साधारण ४३ हजार पडतात. त्यात ८ फेब्रुवारी २०२४ ला खात्यात १,८०,००० रुपये रोख भरलेले. म्हणून कलम १४२(१) खाली दोन प्रश्न आले: शेती उत्पन्नाचा पुरावा काय, आणि ही रोकड कुठली?

उत्तरात गाऱ्हाणं नको, 'आम्ही गरीब शेतकरी' नको. विचारलं तेवढंच, त्याच क्रमाने. पत्र बहुतेक जण इंग्रजीतच पाठवतात, पण मजकूर असा असतो:

"विषय: कर निर्धारण वर्ष २०२४-२५, आपली नोटीस, डीआयएन अमुक, दिनांक अमुक.

१. माझ्या नावे ५.२० हेक्टर, म्हणजे १२.८५ एकर जमीन आहे (जोडपत्र १). रिटर्नमध्ये एकराच्या रकान्यात हेक्टरचा आकडा नोंदवला गेला आहे. उत्पन्नाच्या रकमेत त्यामुळे फरक पडत नाही. विक्री व खर्चाचा तपशील जोडपत्र २, ३ व ४ मध्ये आहे.

२. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी तूर विक्रीचे १,९२,००० रुपये रोख मिळाले (जोडपत्र ३). १२,००० रुपये मजुरीला देऊन उरलेले १,८०,००० रुपये ८ फेब्रुवारीला खात्यात भरले (जोडपत्र ५).

जोडपत्रे: १) सातबारा व आठ-अ उतारा, पीकपाहणीसह. २) पीकवार उत्पन्न-खर्चाचा तक्ता. ३) बाजार समितीतल्या व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या. ४) बियाणे, खत, मळणीची बिले. ५) बँक स्टेटमेंट, संबंधित नोंदी खूण केलेल्या."

बघा, प्रत्येक वाक्याच्या मागे एक कागद आहे आणि त्याचा नंबर तिथेच दिलाय. मजुरीची पावती सहसा नसते. मग तारीख, काम आणि रक्कम लिहून 'रोख दिले, पावती नाही' असं सरळ सांगा. नंतर बनवलेली पावती जोडू नका.

पाठवण्याआधी कागद एकमेकांशी ताडून बघा. पीकपाहणीत कापूस आणि पट्टीवर सोयाबीन असेल तर उत्तर तिथेच लंगडं पडतं. पट्टीवर नाव कोणाचं तेही बघा. आणि सातबारा बाबांच्या नावावर असेल, शेतीही तेच करत असतील, तर ते उत्पन्न बाबांचं. तुमच्या खात्यात आलेले पैसे मग त्यांनी दिलेले, आणि उत्तर तसंच लिहायचं. स्वतःची शेती म्हणून दाखवलं तर पहिल्याच जोडपत्रात ते उघडं पडतं.

फाईलींना `03_Hishobpatti.pdf` अशी यादीप्रमाणे नावं द्या, प्रत्येक ५ एमबीच्या आत ठेवा. तलाठ्याकडचा कागद यायला वेळ लागणार असेल तर मुदत संपायच्या आधी पोर्टलवरच मुदतवाढ मागा, किंवा आहे तेवढं `Partial Response` म्हणून पाठवा. गप्प बसलात तर १०,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय अधिकारी हातातल्या माहितीवर कर ठरवून मोकळा होतो. सगळं पाठवून झालं की स्क्रीनवर येणारा ट्रान्झॅक्शन आयडी आणि पोचपावती त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढचा प्रश्न आला तर तिथूनच सुरुवात करायची आहे.