बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट कसा वाचायचा?

जयसिंगपूरच्या आसपास, आपल्या शिरोळ तालुक्यात, कितीतरी घरांचं बोअर उसाच्या फडाला लागूनच असतं. ते पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं, की हातात आकड्यांनी भरलेला एक कागद येतो. तो कसा वाचायचा, ते आज बघूया.

कागदावर चार रकाने असतात. पहिल्यात कशाची तपासणी केली ते, दुसऱ्यात आपल्या पाण्याचा आकडा. पुढचे दोन रकाने मर्यादांचे. तिसऱ्यातली मर्यादा म्हणजे पाणी एवढ्याच्या आत असावं. चौथ्यातली म्हणजे दुसरं पाणी मिळतच नसेल, तर इथपर्यंत चालवून घ्या. भारतीय मानक १०५०० मध्ये या दोन्ही मर्यादा ठरवून दिल्या आहेत. आकड्यापुढे बहुतेक ठिकाणी ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ असतं, म्हणजे एक लिटर पाण्यात तो पदार्थ किती मिलिग्रॅम आहे. काही कागदांवर ‘पीपीएम’ लिहितात. पिण्याच्या पाण्यासाठी दोन्ही एकच समजा.

समजा, एका बोअरचा रिपोर्ट असा आला: विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, १२४०. कठीणपणा ४८०. नायट्रेट ६८. आणि खाली लिहिलंय, ई-कोलाय जंतू आढळले.

टीडीएसची मर्यादा ५००, दुसरं पाणी नसेल तर २०००. कठीणपणाची २००, नाहीतर ६००. म्हणजे आपले दोन्ही आकडे मधले आहेत. साबणाला फेस कमी येईल, डाळ लवकर शिजणार नाही, भांड्याला पांढरा थर बसेल. पाणी चवीला मचूळ लागेल, पण घाबरण्याचं कारण नाही.

नायट्रेटचं तसं नाही. त्याची मर्यादा ४५, आणि चौथ्या रकान्यात ‘सवलत नाही’ असं लिहिलेलं असतं. आपला आकडा ६८, म्हणजे हे पाणी नापास. इथे एक गोष्ट बघा. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट, नायट्रोजन म्हणून’ असा आकडा देतात. तिथे मर्यादा ४५ नाही, साधारण १० असते. तो आकडा ४.४३ ने गुणला की आपलं नेहमीचं नायट्रेट मिळतं. म्हणजे कागदावर १५.४ दिसलं, तर ते पास नाही. तेही ६८ च झालं.

हे नायट्रेट येतं उसाला दिलेल्या युरियातून, शेणाच्या उकिरड्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून. त्याला ना रंग, ना वास, ना चव. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध दिलं, तर त्याच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहता येत नाही. ओठ, नखं निळसर दिसू लागली, तर लगेच दवाखाना गाठायचा.

आता नीट ऐका. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट जास्त दाट होतं. तुरटी, क्लोरीन, कॅन्डलचा फिल्टर, यांनीही ते निघत नाही. आरओ मशीननं कमी होतं. पण मशीन बसवल्यावर त्यातून आलेल्या पाण्याचं नायट्रेट पुन्हा तपासून घ्या. टीडीएसच्या मीटरवर नायट्रेट वेगळं दिसत नाही आणि जंतू तर मुळीच दिसत नाहीत. आरओ नसेल, तर पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचं, तपासलेलं पाणी आणा. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला आणि जनावरांच्या गोठा धुवायला ठेवा.

राहिले जंतू. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नको, इथेही सवलत नाही. ते सापडले म्हणजे कुठूनतरी मैला पाण्यात मिसळतोय. यावर मात्र उकळणं चालतं: पाण्याला खळखळून उकळी आली पाहिजे. पण आपल्या उदाहरणातल्या पाण्यात नायट्रेटही आहे, म्हणून ते उकळून बाळाला द्यायचं नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून बोअरमध्ये टीसीएल पावडरचं द्रावण टाकून घ्या, मोटर चालवून ते पाणी उपसून टाका आणि आठवड्यानं पुन्हा तपासणी करा. पुन्हा जंतू निघाले, तर औषधानं भागणार नाही. बोअरचं तोंड उघडं आहे का, केसिंग पाईप जमिनीच्या वर आहे का, भोवतीचा कट्टा फुटलाय का, शोषखड्डा ५० फुटांच्या आत आहे का, ते बघा.

जंतूंचा नमुना द्यायचा तर प्रयोगशाळेनं दिलेलीच निर्जंतुक बाटली घ्या. आधी मोटर थोडा वेळ चालवा, बाटलीच्या तोंडाला आतून हात लावू नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. घरच्या बाटलीतल्या नमुन्याचा जंतूंचा निकाल धरू नका.

रिपोर्ट हातात आला की आधी नायट्रेट आणि ई-कोलाय या दोन ओळी शोधा. त्या ओळीच नसतील, तर ‘पाणी पिण्यायोग्य’ असा शिक्का असला तरी विचारा, ‘या दोन तपासण्या का केल्या नाहीत?’