शाळेची चिठ्ठी वाचताना
(पालक मेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



आपल्या बेळगाव भागातील अनेक मराठी घरांतील मुले आज कन्नड माध्यमाच्या शाळेत जातात. बाईंनी हाताने लिहिलेली चिठ्ठी वहीतून घरी येते आणि ती वाचून दाखवायचे काम त्या मुलावरच पडते. ज्याच्याविषयी तक्रार आहे तोच दुभाषा! मग तक्रारीची ओळ हळूच गळते. म्हणून चिठ्ठी जाणत्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्यावी, असे आम्ही सांगत आलो आहोत. आज एक नमुना ओळीओळीने पाहू. पाचवीतल्या मुलीची ही चिठ्ठी, सोमवारची तारीख घातलेली, अशी समजा :

‘पालकरे, निम्म मगळु मनेगेलस माडुत्तिल्ल. एफ.ए. १ रल्लि श्रेणी सी बंदिदे. परिहार बोधनेगे कळिसि. नाडिद्दु पालकर सभेगे कड्डायवागि बन्नि. सही माडि कळिसि.’

पहिली ओळ : तुमची मुलगी ‘मनेगेलस’ करीत नाही. ‘मने’ म्हणजे घर, ‘केलस’ म्हणजे काम. शब्दशः भाषांतर केले तर बाई ‘घरकाम’ करीत नाही म्हणतात असे वाटेल, आणि भांडी घासणारी पोर वर बोलणीही खाईल. शाळेच्या चिठ्ठीत ह्याचा अर्थ गृहपाठ.

दुसरी ओळ सर्वांना घाबरवते. ‘एफ.ए.’चे पूर्ण कन्नड नाव ‘रूपणात्मक मौल्यमापन’. आपल्या मराठी शाळांत ह्यालाच ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणतात. शिकवणे चालू असताना मूल कुठे अडते हे पाहण्यासाठी ते असते. वर्षात अशी चार होतात. दोन झाली की पहिले ‘संकलनात्मक’ म्हणजे एस.ए. १, म्हणजे आपली सहामाही. आणखी दोन झाली की एस.ए. २, म्हणजे वार्षिक. श्रेण्या ए प्लस, ए, बी प्लस, बी आणि सी अशा उतरत जातात. तेव्हा ‘एफ.ए. १ मध्ये सी’ म्हणजे मुलगी नापास झाली असे नव्हे. चारांपैकी पहिल्याच तपासणीत ती तळाच्या श्रेणीत आली आहे, आणि सुधारायला बहुतेक वर्ष हाताशी आहे. हीच श्रेणी एस.ए. २ ला आली असती तर गोष्ट वेगळी. म्हणून श्रेणीच्या आधी तिच्या अलीकडची दोन अक्षरे आणि आकडा वाचा.

तिसऱ्या ओळीतला ‘परिहार’ हा शब्द आपण पुराच्या वेळी ऐकलेला. नुकसानभरपाईला कन्नडमध्ये परिहारच म्हणतात. त्यामुळे शाळा कसली भरपाई मागते, असा प्रश्न पडू शकतो. ‘परिहार बोधने’ म्हणजे मागे पडलेल्या मुलांसाठीची जादा शिकवणी, आपले उपचारात्मक अध्यापन. ‘कळिसि’ म्हणजे पाठवा. कोणत्या वेळी, कोणत्या विषयासाठी, हे चिठ्ठीत नाही. ते बाईंना विचारले पाहिजे.

चौथ्या ओळीत खरी निकड आहे. ‘नाडिद्दु’ म्हणजे येत्या परवा. पण हा परवा चिठ्ठी लिहिलेल्या दिवसापासून मोजायचा. चिठ्ठी सोमवारची; मुलीने ती मंगळवारी रात्री दाखवली, तर पालकसभा उद्याच आहे, गुरुवारी नव्हे. ‘कड्डायवागि’ म्हणजे सक्तीने, न चुकता. गुरुवारी गेलात तर सभा झालेली असेल आणि पालकांना मुलीची काळजी नाही असा ग्रह मागे राहील. तारीखच नसेल तर शेजारच्या मुलाची वही पाहून खात्री करावी.

शेवटी ‘सही’. हा शब्द दोन्ही भाषांत एकच, म्हणून तीच ओळ सर्वांना कळते आणि बाकीचे न समजता सही होऊन जाते. ही सही म्हणजे ‘मी वाचले’ अशी नोंद असते. अर्थ समजल्यावरच ती करावी. खाली मराठीत दोन ओळी लिहायला संकोच नको : ‘चिठ्ठी मिळाली. शिकवणी किती वाजता?’ शेजारी ‘नानु बरुत्तेने’, म्हणजे मी येतो, एवढे कन्नड लिहिले की बाईंनाही उत्तर पोचते.

चिठ्ठीचे उत्तर आणि तक्रारीचा अर्ज ह्यांत मात्र गल्लत नको. बाईंशी बोलणे समजेल त्या भाषेत, गोडीने व्हावे. सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याची वेळ आली, तर राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. तिथे मराठी अर्जच द्यावा आणि पोच घ्यावी.

चिठ्ठी हाती आली की आधी तारीख पाहा, मग काय करायला सांगितले आहे ते, आणि श्रेणी सर्वांत शेवटी. मुलाला रागवायचेच असेल तर तोवर थांबा.