शेवट राखून सांगितलेली गोष्ट



गेल्या वर्षीं माझे चार जुने विद्यार्थी एक लघुपट तयार करीत होते. चित्र बारा मिनिटांचें. कथा गी द मोपासां या फ्रेंच लेखकाची, १८८४ सालीं पॅरिसच्या एका दैनिकांत प्रसिद्ध झालेली, ‘हार’ या नांवानें आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचलेली. शनिवारच्या शेवटच्या तासाला मीं ती वर्गांत अनेकदां सांगितली होती. ती आठवण धरून ही मंडळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, चित्र होत आलें. आतां टीझर करावयाचा आहे. त्याची संहिता एकदां नजरेखालून घाला.”

टीझर म्हणजे काय हें मला त्यांच्याकडूनच समजून घ्यावें लागलें. ट्रेलर हा शब्द मला ठाऊक होता. त्याचा मूळ अर्थ मागून ओढला जाणारा. पूर्वीं येणाऱ्या चित्राची ही जाहिरात चालू चित्र संपल्यावर दाखवीत. लोक तोंवर उठून चालूं लागत, म्हणून पुढें ती चित्राच्या आधीं आली, नांव मात्र मागचेंच राहिलें. ट्रेलर दोन-अडीच मिनिटांचा असतो आणि कथेची ओळख करून देतो. टीझर त्याहून लहान, मिनिटाभराचा किंवा त्याहूनही कमी. तो ओळख करून देत नाहीं. नुसता खिडकीचा पडदा हलवितो आणि निघून जातो.

मुलांनीं लिहून आणलेला मजकूर वाचून मला आनंद झाला, कारण तो सुरेख होता. चूक मलाही दिसली नाहीं. ती दाखविली शेजारच्या एका बाईंनीं. त्या चहा घेऊन आल्या होत्या. मुलांपैकीं एकानें उत्साहानें तो मजकूर त्यांना वाचून दाखविला. बाईंनीं कप खालीं ठेवला, क्षणभर विचार केला आणि कथेचा शेवट सांगून टाकला. अगदीं अचूक! गोष्ट त्यांनीं कधीं वाचलेली नव्हती. मुलें हिरमुसलीं; पण त्याहून वाईट वाटलें तें बाईंना. “म्हणजे आतां मला पाहायचें काय राहिलें?” असें त्या म्हणाल्या, आणि त्याला उत्तर नव्हतें.

ज्यांनीं ही कथा वाचली नाहीं त्यांच्यासाठीं तिचा पूर्वार्ध सांगतों. उत्तरार्धाला हात लावणार नाहीं. पॅरिसमध्यें शिक्षणखात्यांतील एका कारकुनाची देखणी पत्नी, मातिल्द, आपल्या बेताच्या संसारांत असमाधानी आहे. एके दिवशीं नवरा मंत्र्याच्या घरच्या मेजवानीचें निमंत्रण घेऊन येतो. तिला पोशाख हवा. नवरा बंदुकीसाठीं सांठविलेले ४०० फ्रँक तिच्या हातांत ठेवतो. दागिना नसतो, तो ती श्रीमंत मैत्रिणीकडून, काळ्या साटिनच्या पेटींतला हिऱ्यांचा हार, उसना आणते. ती रात्र तिच्या आयुष्यांतील सर्वांत सुखाची ठरते. पहांटे घरीं येऊन ती आरशासमोर उभी राहते, आणि गळ्यांत हार नसतो.

येथून पुढें दहा वर्षांची कथा आहे, आणि तिच्या टोंकाला, अवघ्या एका वाक्यांत, शेवट आहे.

मुलांनीं टीझरमध्यें शेवटचा प्रसंग मुळींच घेतला नव्हता. मग शेवट फुटला कसा? मीं मूळ कथा आणि संहिता शेजारीं शेजारीं ठेवल्या व तांबडी पेन्सिल घेऊन बसलों. तेव्हां ध्यानांत आलें कीं, कथेचा शेवट तिच्या शेवटच्या पानावर असतो ही समजूतच चुकीची आहे. शेवट म्हणजे एक माहिती असते. ती कळली कीं मागच्या साऱ्या घटनांचा अर्थ बदलतो. आणि चांगला लेखक त्या माहितीचे माग आधींच्या पानांवर मुद्दाम ठेवून गेलेला असतो, नाहीं तर शेवट वाचकाला फसवणूक वाटेल. मोपासांच्या कथेंत मध्यावर एका जवाहिऱ्याच्या तोंडीं एक साधें, कामकाजाचें वाक्य आहे. कथा वाचतांना तें कोणाच्या लक्षांतही राहत नाहीं, कारण त्याच्या अवतीभवतीं नवराबायकोची धांवपळ चाललेली असते. मुलांनीं नेमकें तेंच वाक्य उचललें होतें, कारण तें त्यांना अर्थपूर्ण वाटलें! बारा मिनिटांच्या गर्दींत जें लपतें तें एका मिनिटाच्या शांततेंत ओरडूं लागतें. तें वाक्य कोणतें, तें मी सांगणार नाहीं. इतकी चूक एकदां झाली तेवढी पुरे.

म्हणून आम्हीं पहिलें काम केलें तें खोडण्याचें. ती एक माहिती कागदाच्या डोक्यावर लिहिली आणि कथेंत तिचा माग जेथें जेथें दिसतो तेथें तेथें तांबडी रेघ ओढली. अशीं चार ठिकाणें निघालीं. त्यांतील एकही दृश्य किंवा शब्द टीझरमध्यें यावयाचा नाहीं, मग तो कितीही सुंदर असो.

पण लपविणें म्हणजे कांहींच न सांगणें नव्हे. या बाबतींत आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९६० सालीं ‘सायको’ या चित्राचा जो ट्रेलर केला तो पाहण्यासारखा आहे. सहा मिनिटांहून मोठा. आणि त्यांत चित्रांतील कथा जवळजवळ नाहींच. स्वतः हिचकॉक एखाद्या वाटाड्याप्रमाणें तें ओसाड विश्रामगृह आणि शेजारचें घर आपल्याला फिरवून दाखवितात. येथें खून झाला, हें ते उघड सांगतात. कोणत्या खोलींत, तेंही सांगतात. वर्णन करूं लागतात आणि वाक्य अर्धेंच सोडून पुढें चालूं लागतात. अखेरीस न्हाणीघराचा पडदा सर्रकन् ओढतात आणि एक किंकाळी ऐकूं येते. (ती किंकाळणारी बाई चित्रांतील नायिका जेनेट ली नव्हेच, व्हेरा माइल्स यांना टोप घालून तेथें उभें केलें होतें. ही लबाडी मला फारशी रुचत नाहीं, पण ती त्यांची.) आतां पाहा: घटना सांगितली, स्थळ सांगितलें, राखून ठेवलें तें ‘कोणीं’ आणि ‘कां’ एवढेंच. आणि घटना इतक्या मोकळेपणानें सांगितल्यामुळें पाहणाऱ्याला वाटतें कीं रहस्य काय तें एवढेंच.

हेंच आम्हांला हवें होतें. हार हरवतो, ही गोष्ट आम्ही उघड सांगणार होतों. ‘हार सांपडेल का?’ हा प्रश्न घेऊन प्रेक्षक येईल. हा प्रश्न खोटा नाहीं, चित्रांत तो खरोखरच उभा राहतो. फक्त तो शेवटचा प्रश्न नव्हे. चित्रांत जें नाहीं तें टीझरमध्यें दाखविणें ही फसवणूक; जें आहे त्यांतलें पहिलें दार उघडून आंतलें बंद ठेवणें ही फसवणूक नव्हे.

साठ सेकंदांची संहिता आम्हीं अशी बसविली. प्रथम काळोख, आणि पाकीट फाडल्याचा आवाज. मग स्त्रीचे दोन हात, त्यांत छापील निमंत्रण, चेहरा नाहीं. यास आठ सेकंद. नंतर मेजावर नाणीं मोजणारा पुरुषाचा हात. शेवटचें नाणें ठेवतांना तो किंचित् अडखळतो. सात सेकंद. मग काळी पेटी उघडते, आंतील झळाळी एका चेहऱ्यावर पडते. मातिल्दचा चेहरा आपण येथें प्रथम आणि एकदांच पाहतों. तिचा आवाज येतो, “एका रात्रीपुरता.” दहा सेकंद. पुढें नाच, खांदे, मान, हार, व्हायोलिन, तीं वेग घेत जातात, आणि एका सुराच्या मध्यावर संगीत तुटतें. दहा सेकंद. आरसा. पहांटेचा फिकट उजेड. तिचा हात गळ्याकडे जातो, थांबतो. येथें पूर्ण निःशब्दता, आणि मग मागून नवऱ्याचा झोंपाळलेला आवाज, “काय झालें?” बारा सेकंद. उत्तर येत नाहीं. त्याऐवजीं दगडी फरशीवर भांडें घांसणारा एक खरबरीत, भेगाळलेला हात. कोणाचा, तें दिसत नाहीं. पांच सेकंद. शेवटीं मिटलेली काळी पेटी, तिच्याखालीं चित्राचें नांव. उरलेले आठ सेकंद तिचे.

उच्चारलेले शब्द मोजा: चार. मुलांच्या पहिल्या संहितेंत निवेदकाचीं नऊ वाक्यें होतीं. “एका अतृप्त स्त्रीची ही कहाणी” अशा वाक्यानें पाहणाऱ्याचें कुतूहल वाढत नाहीं. त्याला वाटतें, कहाणी कळली. निवेदक गेला तेव्हां खरी जागा मोकळी झाली.

दोन ठिकाणीं आमचा वाद झाला. शेवटच्या पेटीवर एका स्त्रीचा आवाज घालून तिला एक प्रश्न विचारावयास लावावें, असें दिग्दर्शक मुलाचें म्हणणें होतें. प्रश्न चटकदार होता. परंतु त्यानें पाहणाऱ्याचें लक्ष तांबड्या रेघेच्या एका जागीं जात होतें. म्हणून मीं तो काढावयास लावला. दुसरा वाद भांडें घांसणाऱ्या हाताचा. तो कथेच्या उत्तरार्धांतला आहे, आणि टीझरचें साहित्य पूर्वार्धांतूनच घ्यावें असा माझा आग्रह होता. येथें मी हरलों, आणि बरें झालें. त्या हातानें शेवट कळत नाहीं. मात्र हरवलेल्या हाराची किंमत कोणी तरी कशानें तरी मोजतो आहे, हें जाणवतें. तो नसता तर ही एक चोरीची गोष्ट वाटली असती.

मग परीक्षा. कथा न वाचलेलीं तीन माणसें आम्हीं निरनिराळ्या वेळीं गांठलीं. ‘आवडलें का?’ असें विचारावयाचें नाहीं, कारण भिडेनें सर्वजण होच म्हणतात. ‘पुढें काय होईल?’ एवढेंच विचारावयाचें. शेवट कोणी बरोबर ओळखला तर कांहीं तरी जास्त झालें आहे. कोणालाच कांहीं सुचलें नाहीं तर धरावयास दोरीच दिलेली नाहीं. एक म्हणाला, हार नवऱ्यानेंच चोरला असेल. दुसरीचें म्हणणें, मैत्रीण फिर्याद करील. तिसऱ्यानें उत्तर न देतां उलट विचारलें, “तो हात कोणाचा?” दिग्दर्शकानें माझ्याकडे पाहिलें, मीं दुसरीकडे पाहिलें.

पुस्तकासाठीं असा मजकूर लिहावयाचा झाला तर चित्रें आणि संगीत नसतें, एवढाच फरक. तांबडी पेन्सिल तीच. मलपृष्ठावरील मजकुराच्या शेवटच्या ओळींत पुष्कळदां घात होतो. ‘परंतु अखेरीस तिला कळतें कीं’ असे शब्द दिसले कीं पुढें काय आहे तें न वाचतां पुस्तक उलटें करावें.

लघुपट एका शाळेच्या दालनांत दाखविला. साठ-सत्तर माणसें होतीं. शेवटचें वाक्य उच्चारलें गेलें तेव्हां प्रथम कोणीच कांहीं बोललें नाहीं, मग मागच्या रांगेंतून कोणी तरी “अरेरे!” म्हणालें आणि सारें दालन हललें. माझ्या शेजारीं त्या चहावाल्या बाई बसल्या होत्या. त्या हलल्या नाहींत. त्या पडद्याकडे न पाहतां लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होत्या.