शीर्षकाआधीचा प्रश्न

सुप्रसिद्ध पुरुषावर अनुबोधपट काढणाऱ्याची पंचाईत अशी, की प्रेक्षकाला त्या पुरुषाचे नाव, कीर्ती आणि शेवट ही सारीच आधी ठाऊक असतात. १९६१ साली रवींद्र-जन्मशताब्दीनिमित्त सत्यजित राय यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘रवींद्रनाथ टागोर’ हा ५४ मिनिटांचा अनुबोधपट केला, तेव्हा ही पंचाईत त्यांच्यापुढे पुरतीच उभी होती. जन्मापासून, म्हणजे १८६१ च्या मे महिन्यातील जोडासाँकोच्या वाड्यापासून, आरंभ करणे सोपे होते. पण मग शाळकरी चरित्राचे पहिले पान वाचल्यासारखे झाले असते.

राय यांनी आरंभ केला तो अंतापासून. कलकत्त्याच्या रस्त्यांतून लोटलेला अफाट जनसमुदाय आणि त्यातून चाललेली अंत्ययात्रा ही जुनी चित्रफीत पडद्यावर येते. निवेदन राय यांच्याच धीरगंभीर आवाजात, इंग्रजीत आहे. ७ ऑगस्ट १९४१ रोजी या शहरात एक मनुष्य मरण पावला, एवढेच ते आधी सांगतात. नाव नाही, पदवी नाही, नोबेल पारितोषिकाचा उल्लेख नाही. देह अग्नीत गेला. मागे शब्द, संगीत आणि विचार यांचा वारसा राहिला, असे सांगून ते त्याला वंदन करतात. शीर्षक येते ते त्यानंतर.

आता विचारावेसे वाटते, की हा प्रश्न तरी कोणता? ‘हा मनुष्य कोण?’ हा असेल, तर शीर्षकाच्या एका पाटीनेच त्याचे उत्तर दिले आणि उरलेला चित्रपट निराधार झाला. असले नुसते कोडे घालणारे आरंभ पुष्कळ असतात. पाटी येताच प्रेक्षक सैल होऊन बसतो, आणि फसगत ओळखण्याची खूणही तीच. राय यांच्या प्रेक्षकाला तर नाव तारखेवरूनच कळलेले असते. ‘एक मनुष्य’ या साध्या शब्दाशेजारी तो महासागर पाहून त्याच्या मनात उठतो तो निराळाच प्रश्न: एका माणसाच्या ठिकाणी एवढे सारे आले कोठून?

म्हणूनच शीर्षकानंतर चित्रपट थेट बाल रवींद्रांकडे वळत नाही. तो कलकत्ता शहराच्या जन्माकडे, मग द्वारकानाथ आणि देवेंद्रनाथ यांच्याकडे जातो. एरवी हा इतिहास कंटाळवाणी प्रस्तावना वाटला असता. येथे मात्र आपण तो उत्तराचा पहिला हप्ता म्हणून ऐकतो. पुढे बालपणाचे प्रसंग नटांकडून करवून घेतलेले आहेत, तेही खपून जातात.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. वंदनाने सुरू झालेल्या चित्रपटाला पुढे आपल्या नायकाशी वाद घालता येत नाही, आणि राय तो घालतही नाहीत. अखेरीस ते १९४१ च्या ‘सभ्यतेचे संकट’ या भाषणापाशी येतात. महायुद्धाने होरपळलेल्या जगाकडे पाहणारा ऐंशी वर्षांचा वृद्ध माणसावरील विश्वास सोडावयास तयार नाही. अंत्ययात्रेतील त्या गर्दीला मागे काय मिळाले होते, ते तेथे ऐकू येते.