अक्षरांची मोजदाद: नावपाटी, शुभेच्छालेखन आणि त्यांचे मोल



मागणीनुसार लिहून दिल्या जाणाऱ्या अक्षरांची, म्हणजे घराच्या नावपाटीची, वास्तुशांतीच्या किंवा लग्नाच्या शुभेच्छांची आणि चौकटीत बसवून भेट द्यायच्या मजकुराची विक्री ही कलेची विक्री असली, तरी तिचा दर ठरवताना शेवटी काहीतरी मोजावेच लागते आणि ते बहुधा मजकुराची लांबी हेच असते. मात्र देवनागरीत लांबी कशाला म्हणायचे, हा प्रश्न या व्यवसायात अजून पुरेसा सुटलेला नाही, आणि ग्राहकाशी होणाऱ्या बऱ्याच कुरबुरींचे मूळ त्याच ठिकाणी आहे, असे प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन आहे.

रोमन लिपीत लेखनाचा दर अक्षरागणिक सांगता येतो, कारण तेथे अक्षरे एकामागून एक उभी राहतात. देवनागरीत व्यंजन, त्याला जोडलेले दुसरे व्यंजन आणि त्यावरील स्वरचिन्ह मिळून एकच अक्षर होते, आणि संगणक मात्र त्यातला प्रत्येक घटक निराळा मोजतो. ‘श्रीकृष्ण’ या नावात वाचणाऱ्याला श्री, कृ आणि ष्ण अशी ३ अक्षरे दिसतात. पण युनिकोड या संगणकीय वर्णसंकेतात तेच नाव श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकाराचे चिन्ह, ष, हलन्त आणि ण अशा ९ चिन्हांनी लिहिले जाते. उलट ‘अमर कदम’ या नावात एकही जोडाक्षर व स्वरचिन्ह नसल्याने त्याची अक्षरे ६ आणि संगणकाची मोजणी मधल्या मोकळ्या जागेसह ७ येते. विक्रीच्या अर्जात संगणकाकडून आकडा घेणारा पाटीकार पहिल्या नावाला जास्त आकार लावतो, अक्षरे मोजणारा दुसऱ्याला दुप्पट लावतो, आणि दोघांच्याही हिशेबाचा पाटीवर पडणाऱ्या प्रत्यक्ष कामाशी फारसा संबंध राहत नाही.

हा संबंध कळण्यासाठी सुलेखनातील मूळ माप ध्यानात घ्यावे लागते. बोरू, कट निब किंवा सपाट ब्रश यांच्या टोकाची रुंदी हे ते माप असून, येथे सोयीसाठी त्याला ‘एक टाक’ म्हटले आहे. पाटीवर वापरल्या जाणाऱ्या ठसठशीत वळणात शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची साधारण ५ टाक धरली जाते, वेलांटी, मात्रा किंवा रफार यांना शिरोरेषेच्या वर सुमारे अडीच टाक लागतात आणि उकार किंवा ऋकाराला तळाखाली तेवढीच जागा द्यावी लागते. प्रत्येक हाताचे प्रमाण थोडे निराळे असले, तरी देवनागरीचे अक्षर असे तीन मजल्यांचे असते, आणि अमुक नावाला किती मजले लागतात यावरच ते पाटीवर किती मोठे दिसेल हे ठरते.

६० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर उंच अशी एक सागवानी पाटी घेऊन चारी बाजूंना ४ सेंटिमीटर समास सोडला, तर लिहिण्यासाठी ५२ बाय १२ सेंटिमीटर जागा उरते. ‘श्रीकृष्ण’ या नावाची शिरोरेषा सुमारे साडेअठरा टाक लांब होते, पण त्यात वर वेलांटी आणि खाली ऋकार असल्यामुळे उंची १० टाक लागते, म्हणून १२ सेंटिमीटरांत ते बसवायचे तर एक टाक १.२ सेंटिमीटरपेक्षा मोठा घेता येत नाही. परिणामी अक्षराचे अंग ६ सेंटिमीटर उंच येते, नाव जेमतेम २२ सेंटिमीटर लांबी व्यापते आणि अर्ध्याहून अधिक पाटी रिकामी राहते. ‘अमर कदम’ला वरचा व खालचा मजला लागतच नाही, त्याची लांबी सुमारे ३२ टाक असल्याने ५२ सेंटिमीटरांत टाक १.६ सेंटिमीटरचा घेता येतो, आणि अक्षरे ८ सेंटिमीटर उंच होऊन पाटीभर पसरतात. दोन्ही पाट्या एकाच आकाराच्या, एकाच हाताच्या, तरीही ‘नाव लहान आहे म्हणून मोठ्या अक्षरांत येईल’ अशी अपेक्षा ठेवणाऱ्या पहिल्या ग्राहकाला आपले नाव बारीक काढले असे वाटते, आणि हा समज पाटी हातात पडल्यावर दूर करणे फार अवघड जाते.

म्हणून मागणी स्वीकारण्यापूर्वी नावाचे मजले पाहून पाटीचा आकार सुचवणे हे पाटीकाराचे काम आहे, ग्राहकाचे नव्हे. वरील पहिल्या नावासाठी ४० बाय २४ सेंटिमीटरची पाटी अधिक योग्य ठरते. तेवढाच समास राखून त्यावर टाक १.६ सेंटिमीटरचा घेता येतो, नाव सुमारे ३० सेंटिमीटर पसरते आणि लाकूडही कमी लागते.

दराच्या बाबतीत प्रस्तुत मत असे आहे की लांबीला किमतीत स्थान असावे, पण ते लहान असावे. उदाहरणापुरते मांडणी व एका दुरुस्तीसह कच्च्या आराखड्याचे १२०० रुपये, पाटी व तिच्यावरील लेपाचे १८०० रुपये आणि प्रत्येक अक्षराचे ९० रुपये धरले, तर त्या ६० बाय २० च्या पाटीवर ‘श्रीकृष्ण’चे ३२७० आणि ‘अमर कदम’चे ३५४० रुपये होतात. केवळ अक्षरागणिक ६०० रुपये लावले असते, तर तीच रक्कम १८०० आणि ३६०० झाली असती आणि पहिल्या पाटीत लाकडाचा खर्चच जेमतेम निघाला असता. तीन अक्षरांच्या नावाला सहा अक्षरांच्या नावाइतकेच आराखडे काढावे लागतात, किंबहुना ‘ष्ण’सारख्या जोडाक्षराची बैठक जमेपर्यंत अधिकच काढावे लागतात, ही गोष्ट दरपत्रकात दिसली पाहिजे.

शुभेच्छांच्या मजकुरात मात्र एकक बदलते, कारण तेथे एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडण्याचा धोका असतो आणि प्रत्येक ओळीला तिन्ही मजले मोकळे ठेवावे लागतात. ३ मिलिमीटरच्या निबने लिहिताना एक ओळ ३० मिलिमीटर उंची घेते. ४२ सेंटिमीटर उंचीच्या उभ्या ए-३ कागदावर वरखाली मिळून ६ सेंटिमीटर समास सोडला, तर १२ ओळी बसतात. असा बारा ओळींचा मजकूर मंजूर झाल्यानंतर ग्राहकाने आणखी दोन ओळी पाठवल्या, तर त्या तळाशी जोडता येत नाहीत. निब बारीक घेऊन सगळा कागद नव्याने आखावा लागतो. त्यामुळे शुभेच्छांचा दर ओळींवर ठरवावा आणि मंजुरीनंतरची भर म्हणजे नवे काम, हे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच लिहून द्यावे.

मोडीची मागणी आली, की मोजणीपेक्षा वाचनाचा प्रश्न पुढे येतो. मोडीत शिरोरेषा आधी ओळभर ओढली जाते, अक्षरे तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहिली जातात, शब्दांमध्ये अंतर सोडण्याची रीत नसते, आणि इकार व उकार यांच्यात ऱ्हस्व-दीर्घ असा भेद केला जात नाही. ‘दिपा’ आणि ‘दीपा’ ही नावे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, दोन असली तरी मोडीत ती एकसारखीच उमटतात, आणि आपल्या नावाच्या शुद्धलेखनाबद्दल जागरूक असलेल्या कुटुंबाला ही गोष्ट काम हाती घेण्यापूर्वी सांगितलीच पाहिजे. मोडीचे वळणही एकच नाही; शिवकालीन आणि पेशवेकालीन वळणांत अक्षरांचा झोक व घडण वेगळी दिसते, तेव्हा ग्राहकाला नमुने दाखवून त्यांतले एक निवडून घ्यावे, दोहोंची सरमिसळ करू नये.

मंजुरीसाठी मोडी मजकूर पाठवताना आणखी एक अडचण येते. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली स्थान मिळाले, परंतु त्याआधीच्या काही फॉन्टांत देवनागरीच्या कळांवरच मोडीची चित्रे बसवलेली होती, त्यामुळे असा मजकूर दुसऱ्या फोनवर उघडला की देवनागरीत दिसतो, आणि युनिकोड मोडीचा फॉन्ट नसलेल्या फोनवर नुसते चौकोन दिसतात. ग्राहकाने ‘ठीक आहे’ असे कळवले, तरी त्याने नेमके काय पाहिले याची खात्री राहत नाही. म्हणून मंजुरी नेहमी हाताने काढलेल्या आराखड्याच्या छायाचित्रावरच घ्यावी आणि त्याच्याखाली प्रत्येक मोडी अक्षराशेजारी बाळबोध अक्षर लिहून द्यावे. दारावरची पाटी टपालवाल्यालाही वाचता आली पाहिजे. तेव्हा मोडी नावाखाली बारीक देवनागरी ओळ सुचवणे योग्य, आणि ती दुसरी ओळ दरात धरणेही योग्य.

उरला पाठवणीचा खर्च. येथे पाटीकारांचे नुकसान वजनाने होत नाही, आकारमानाने होते. कुरिअर सेवा प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकार लावतात. आकारमानी वजन म्हणजे खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत गुणून सहसा ५००० ने भागल्यावर येणारे किलो. वरील ६० बाय २० ची सागवानी पाटी २ सेंटिमीटर जाड असेल, तर तिचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर भराव घातल्यास खोके ७० बाय ३० बाय १२ चे होते आणि त्याचे आकारमानी वजन ५ किलोंवर जाते. भराव ३ सेंटिमीटरवर आणून खोके ६६ बाय २६ बाय ८ चे केले, तर तेच पावणेतीन किलोंच्या आत येते. कमी केलेल्या भरावाची उणीव कोपऱ्यांना दुहेरी पुठ्ठ्याच्या टोप्या लावून भरून काढावी, कारण पाटी फुटते ती बहुधा कोपऱ्यावर आपटून.

कागदावरचे लेखन नळीत गुंडाळून पाठवण्याचा मोह टाळावा. गुंडाळीत जाड पोस्टर रंगाचे पापुद्रे सुटतात आणि सोनेरी वर्खाला भेगा पडतात; शिवाय ४५ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीचे आकारमानी वजन ०.९ किलो येते, तर दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवलेल्या ४६ बाय ३४ बाय २ च्या पाकिटाचे साधारण ०.६३ किलो, म्हणजे सपाट पाकीट स्वस्तही पडते. परदेशातील मराठी कुटुंबांच्या मागण्यांसाठी लाकडी पेटी करायची झाली, तर अशा बांधणीच्या लाकडाला आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो आणि त्या नियमाप्रमाणे उपचार केल्याचा शिक्का नसलेली भरीव लाकडाची पेटी सीमेवरील तपासणीत अडकू शकते. प्लायवूडला मात्र हा नियम लागू नाही, म्हणून प्लायवूडची पेटी किंवा जाड पुठ्ठ्याचे खोके वापरावे. पाटी स्वतः लाकडाची असल्यास ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला जाणाऱ्या खोक्यावर मालाच्या वर्णनात ‘लेप दिलेली सागवानी पाटी’ असे स्पष्ट लिहावे, आणि तेथील तपासणीत लागणारे दिवस ग्राहकाला दिलेल्या तारखेत आधीच धरावेत.