चौरस फूट कोणता? फॉल्स सीलिंगच्या दराचा हिशेब



घराचे काम काढलेल्या माणसाला फॉल्स सीलिंगच्या ठेकेदाराकडून पहिली गोष्ट कळते ती म्हणजे चौरस फुटाचा दर. एक जण पंचाण्णव सांगतो, दुसरा एकशे पंधरा. दोघेही जिप्सम बोर्डाचेच काम करणार असतात आणि दोघांनी नकाशाही तोच पाहिलेला असतो. घरातली मंडळी पंचाण्णववाल्याला होकार देतात. आज मी तुम्हाला असे एक काम पूर्ण मांडून दाखवणार आहे, ज्यात पंचाण्णववाल्याचे बिल एकशे पंधरावाल्यापेक्षा जास्त येते आणि तरीही दोघांपैकी कुणीही खोटे बोललेले नसते.

सोळा फूट लांब आणि बारा फूट रुंद दिवाणखाना घेऊ. जमिनीचे क्षेत्रफळ १९२ चौरस फूट. आपल्याकडे हल्ली सर्रास होते तेच डिझाइन धरू. भिंतीलगत चारही बाजूंनी दोन फूट रुंदीचा खालचा पट्टा, मधला भाग वरच्या पातळीवर, आणि पट्ट्याच्या आतल्या कडेला दडवलेली दिव्याची पट्टी. हा प्रकाश वर जाऊन मधल्या छतावर पसरतो. या रचनेला कोव्ह म्हणतात.

आता टेप घेऊन पृष्ठभाग मोजू. खालचा पट्टा होतो ९६ चौरस फूट. वरचे छत पट्ट्याच्या आतल्या कडेशी थांबत नाही, ते अर्धा फूट पट्ट्यावर चढते, कारण दिवा ठेवायला आडोशाची जागा हवी. म्हणून वरचा भाग तेरा बाय नऊ, म्हणजे ११७ चौरस फूट. या दोन पातळ्यांना जोडणारी उभी बाजू नऊ इंच उंच आणि चव्वेचाळीस फूट लांब आहे, तिचे ३३ चौरस फूट. दिवा दिसू नये म्हणून कडेला तीन इंचांचा उभा ओठ लावतात. त्याची लांबी चाळीस फूट, म्हणजे आणखी १०. सगळे मिळून २५६ चौरस फूट झाले. खोली १९२ची आणि बोर्डाचे काम २५६चे. एक तृतीयांश जास्त.

आता त्या दोन कोटेशनांकडे परत पाहा. पंचाण्णववाला प्रत्यक्ष लागलेला पृष्ठभाग मोजतो, त्याचे बिल २४,३२० रुपये. एकशे पंधरावाला खोलीचे माप धरतो, त्याचे बिल २२,०८०. कमी दराचा माणूस सव्वादोन हजारांनी महाग पडला. ठेकेदाराशी भांडण होते ते बहुतेक याच जागी होते, आणि तेही काम संपल्यावर, टेप हातात घेऊन. कोटेशनमध्ये एक ओळ आधी लिहून घेतली असती तर ते टळले असते: माप खोलीचे की पृष्ठभागाचे, आणि उभ्या बाजू चौरस फुटात की रनिंग फुटात.

आता दराच्या आत शिरू. मी पुढे जे भाव धरतो आहे ते हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचा भाव तुम्ही दुकानात विचारून त्या जागी घालायचा, रीत तीच राहते.

प्रथम बोर्ड. साडेबारा मिलिमीटर जाडीचा, सहा बाय चार फुटांचा बोर्ड चोवीस चौरस फुटांचा. २५६ला चोवीसने भागले की पावणेअकरा येतात, पण बोर्ड भागाकाराने कापले जात नाहीत. पट्टा नेमका दोन फुटांचा असेल तर चार फुटी बोर्डातून लांबीच्या दोन पट्ट्या निघतात, म्हणजे एका बोर्डात बारा फूट पट्टा. अठ्ठेचाळीस फुटांना चार बोर्ड पुरतात. हाच पट्टा डिझाइनरने सव्वादोन फूट केला, तर बोर्ड आडवा कापावा लागतो आणि एका बोर्डात आठच फूट पट्टा निघतो. तेव्हा सहा बोर्ड लागतात आणि प्रत्येकातून दीड फुटाचा तुकडा उरतो. चांगला कारागीर तो तुकडा उभ्या बाजूंना वापरतो. ज्याने आधी आखणी केलेली नाही त्याच्याकडे तो गोणीत जातो, आणि त्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात. डिझाइन ठरवतानाच पट्ट्याची रुंदी बोर्डाच्या मापाशी जुळवून घेतली तर दिसण्यात काही फरक पडत नाही. आपल्या कामाला फूटतुटीसह बारा बोर्ड धरू. ४८० रुपयांप्रमाणे ५,७६० झाले.

दुसरा भाग सांगाड्याचा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण बोर्ड सगळ्यांना दिसतो आणि सांगाडा कुणालाच दिसत नाही. भिंतीला जी पट्टी ठोकतात ती पेरिमीटर चॅनेल. स्लॅबला फास्टनर मारून त्यावरून अँगल खाली सोडतात. अँगलला इंटरमीडिएट चॅनेल, दर चार फुटांवर. त्याला आडवे सीलिंग सेक्शन, दर अठरा इंचांवर. बोर्डाचे स्क्रू या सेक्शनमध्ये बसतात, साधारण नऊ-नऊ इंचांवर. हा सगळा माल गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा असतो. आपल्या खोलीला तो सुमारे ५,४०० रुपयांचा धरू.

स्वस्त कोटेशनमध्ये हात पहिल्यांदा इथेच मारला जातो. अठरा इंचांचे अंतर चोवीस होते. त्यातून किती वाचते ते पाहा. मधल्या भागात सेक्शनची एक ओळ कमी होते, तेरा फूट. पट्ट्यात आडवे तुकडे बत्तीसाऐवजी चोवीस लागतात, म्हणजे सोळा फूट. एकूण एकोणतीस फूट. बारा फुटी तीन सेक्शनही नाहीत. दीडशे रुपये नग धरला तरी साडेचारशेच्या आत. चौरस फुटाला दोन रुपयेसुद्धा वाचत नाहीत, आणि त्या दोन रुपयांपायी बोर्ड दोन सेक्शनांच्या मध्ये पोट काढतो, सांधे हलतात आणि रंगावर केसासारखी भेग सरळ रेषेत उमटते. ती भेग पुट्टीने दोनदा भरली तरी तिसऱ्यांदा येते, कारण दोष पुट्टीत नसतो. पत्र्याच्या जाडीचेही तसेच. अर्ध्या मिलिमीटरचा सेक्शन आणि त्याहून पातळ सेक्शन बोटांत धरून दाबला की फरक कळतो. पातळ पत्र्यात स्क्रू शेवटपर्यंत आवळत नाही, जागीच फिरतो.

तपासायचे कसे? बोर्ड चढण्यापूर्वी एक दिवस जागेवर जा, टेप लावा आणि फोटो काढून ठेवा. बोर्ड चढून गेले असतील तरी मार्ग आहे. एक लहान पण जोरदार चुंबक छतावरून फिरवा. तो स्क्रूंवर चिकटतो आणि पेन्सिलीने खुणा केल्या की सेक्शनच्या ओळी समोर येतात. दोन ओळींतले अंतर मोजायला मग बोर्ड फोडावा लागत नाही.

अँगलऐवजी नुसत्या तारेने लटकवलेले छतही मी पाहिले आहे. तार वरच्या दिशेने आधार देत नाही. दार आपटले की हवेच्या दाबाने छत किंचित वर उचलले जाते आणि पुन्हा खाली बसते. वर्षभर हे चालले की सांधे सुटतात.

स्क्रू, टेप आणि सांध्याचे कंपाउंड मिळून १,६०० धरू. मजुरी पृष्ठभागावर तीस रुपयांनी ७,६८० झाली. मजुरीबाबत एक लक्षात घ्या. सपाट छत आणि कोव्ह यांना सारखा मजुरीदर देणे कारागिरावर अन्याय आहे. मधल्या ११७ फुटांपेक्षा तीन इंचांच्या ओठाचे दहा फूट त्याला जास्त थकवतात. तिथे प्रत्येक कड सरळ आणि प्रत्येक कोपरा काटकोनात हवा, कारण रात्री दिवा लागला की वाकडेपणा प्रकाशाच्या रेषेत दिसतो. म्हणून माझे मत असे की सपाट भाग चौरस फुटात आणि कोव्ह रनिंग फुटात, असे दोन वेगळे दर ठरवावेत. कारागीर मन लावून काम करतो आणि मापावरून वाद होत नाही.

आता बेरीज करू. ५,७६०, ५,४००, १,६०० आणि ७,६८० मिळून २०,४४०. यावर वाहतूक, मचाण आणि ठेकेदाराचा नफा पंधरा टक्के धरला तर सुमारे साडेतेवीस हजार. पृष्ठभागाने भागले तर चौरस फुटाला ब्याण्णव, खोलीच्या मापाने भागले तर एकशे बावीस. काम तेच, खर्च तोच. जीएसटी यात धरलेला नाही, तो आत आहे की वर लागणार हे कोटेशनवर लिहून घ्या. पुट्टी आणि रंगही यात नाहीत, आणि रंगारी २५६ फूट मोजणार आहे, १९२ नव्हे. पंख्याचे वजन या छतावर टाकायचे नाही, तो स्लॅबच्या हुकाला लांब रॉडने टांगायचा, त्यामुळे रॉडचा खर्चही वेगळा.

शेवटी दिवे. दिव्यांचा खर्च चौरस फुटाच्या दरात मिसळून देऊ नका, कारण तो क्षेत्रफळावर नव्हे, लांबीवर आणि नगांवर अवलंबून असतो. आपल्या कोव्हची लांबी चाळीस फूट, म्हणजे सव्वाबारा मीटर. एलईडी पट्टी पाच मीटरच्या रोलमध्ये येते, म्हणून तीन रोल. मीटरला दहा वॅटची पट्टी घेतली तर १२२ वॅट होतात. ड्रायव्हर नेमका तेवढ्याचा घेतला तर तो कायम तापलेला राहून लवकर जातो, म्हणून १५० वॅटचा घ्यावा. तीन रोल ३,६००, ड्रायव्हर १,८००, पट्टी बसवायचे अॅल्युमिनियम प्रोफाइल २,४०० आणि वायरिंगची मजुरी १,८००. एकूण ९,६००, म्हणजे फुटाला २४० रुपये. हाच खर्च १९२ने भागून सांगितला तर चौरस फुटाला पन्नास रुपये होतात, आणि त्या पन्नासात कोणती पट्टी आली आणि कोणता ड्रायव्हर, ते विचारण्याची सोयच उरत नाही.

तिन्ही रोल एकामागे एक जोडून एका टोकाने वीज देणे ही हमखास दिसणारी चूक. लांब पट्टीत व्होल्टेज घसरते आणि दूरच्या कोपऱ्यातला उजेड मंद होतो. प्रत्येक रोलला ड्रायव्हरपासून स्वतंत्र वायर हवी, आणि ती बोर्ड चढण्यापूर्वी ओढलेली हवी. ड्रायव्हर हात पोचेल अशा जागी ठेवा. तो बंद छतात गाडला तर बिघडेल त्या दिवशी छत कापावे लागेल. आपल्या डिझाइनमध्ये ओठाच्या वर सहा इंच मोकळी जागा राहते, तिच्यातून शिडीवर चढून कामगाराचा हात आत जातो. हे अंतर दोन-तीन इंचांवर आणले तर उजेड मधल्या छतावर पसरत नाही, कडेला एक प्रखर पट्टा दिसतो, आणि ड्रायव्हरपर्यंत हातही जात नाही.

छतात बसणारे गोल दिवे नगावर मोजा, आणि दर ठरवताना भोक पाडण्याची मजुरी कुणाकडे ते विचारा. सीलिंगवाला म्हणतो इलेक्ट्रिशियन पाडेल, इलेक्ट्रिशियन म्हणतो सीलिंगवाला. दिव्यांच्या जागा सांगाडा उभा असतानाच जमिनीवर खडूने आखून घ्या, म्हणजे भोक सेक्शनच्या मधोमध येणार नाही. आले तर सेक्शन कापला जातो आणि ज्या अठरा इंचांच्या अंतरासाठी आपण पैसे मोजले, ते तिथे छत्तीस इंच होऊन बसते.