नऊ फ्रेम

(युवा कार्यकर्त्यांच्या मोबाइल चित्रीकरण कार्यशाळेतील भाषणाचे शब्दांकन)



मला आज तुम्हाला माझ्याच हातून झालेली एक चूक सांगायची आहे. ती नऊ फ्रेमची चूक होती. आपला व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा असेल, तर नऊ फ्रेम म्हणजे एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडंसं जास्त. डोळ्याची पापणी लवून उघडेपर्यंत एवढा वेळ जातो.

नावावरून भाड्याचं घर नाकारलं जाण्यावर आम्ही एक क्लिप करत होतो. एक आपा बोलायला तयार झाल्या. मियाँ-बीवी दोघं नोकरी करणारे, आणि सात ठिकाणी "कळवतो" असं ऐकून शेवटी एका खोलीत राहायला आलेले. त्यांची अट एकच होती: "माझा चेहरा आणि आमची स्कूटर दिसता कामा नये. आत्ताच्या घरमालकाला कळलं तर हीही खोली जाईल." मी म्हटलं, "आपा, काळजी करू नका. ब्लर करतो."

क्लिप 1 मिनिट 36 सेकंदांची झाली. आपा दारातून बाहेर येतात, बाजारच्या गल्लीतून चालत बोलतात, आणि शेवटी स्कूटरवर बसून जातात. मी एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यावर गोल काढला, त्याला ब्लर लावला, ट्रॅकिंगचं बटण दाबलं. गोल आपांच्या मागे मागे चालू लागला. एकदा पूर्ण वेगात पाहिलं, छान वाटलं, टाकून दिलं.

वीस मिनिटांनी आपांचा फोन आला. "भाई, मी दिसतेय." त्यांच्या भाचीने क्लिप थांबवून पाहिली होती. मी लगेच क्लिप काढली. पण तोवर ती दोन व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेली होती आणि तिथून ती मला परत आणता आली नाही.

त्या रात्री मी क्लिप एकेक फ्रेम करून पाहिली. कुठे निसटलं होतं ते सांगतो. त्याआधी ट्रॅकर करतो काय, हे समजून घेऊ, कारण तो "आपांना" ओळखतो असा माझा गैरसमज होता. तसं नसतं. आपण काढलेल्या गोलाच्या आत उजेड-अंधाराची, कडा-ठिपक्यांची एक नक्षी असते. ट्रॅकर पुढच्या फ्रेममध्ये तीच नक्षी शोधतो आणि गोल तिथे सरकवतो. मग त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये. प्रत्येक वेळी थोडी चूक झाली तरी ती साठत जाते आणि गोल हळूहळू घसरतो. काही सॉफ्टवेअर याऐवजी प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने चेहरा शोधतात. तिथे चूक साठत नाही, पण ज्या फ्रेममध्ये चेहरा "सापडला" नाही, ती फ्रेम उघडीच राहते. यूट्यूबने 2012 साली चेहरे झाकण्याची सोय दिली, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की कोन, उजेड, आडोसा आणि व्हिडिओची प्रत यांमुळे काही चेहरे किंवा काही फ्रेम सुटू शकतात. म्हणजे यंत्राने फसवलेलं नव्हतं, मी तपासलं नव्हतं.

आता आमच्या क्लिपमधल्या जागा पाहू.

पहिली जागा दार. आपा बाहेर येताना आधी अर्धा चेहरा दिसतो, मग पूर्ण. मी गोल काढला तो चेहरा नीट दिसला त्या फ्रेमवर. त्याच्या आधीच्या पाच फ्रेममध्ये अर्धा चेहरा उघडाच होता. ट्रॅकिंग पुढे जातं तसं मागेही नेता येतं, हे मला माहीत होतं, पण केलं नव्हतं. नियम सोपा आहे: चेहरा सगळ्यात स्पष्ट दिसतो तिथे गोल काढा, तिथून पुढेही ट्रॅक करा आणि मागेही. माणूस फ्रेममध्ये येण्याच्या दोन-चार फ्रेम आधीपासून गोल तिथे थांबलेला असू द्या. तो बाहेर गेल्यावरही दोन-चार फ्रेम राहू द्या. रिकाम्या भिंतीवर ब्लर दिसला तर काही बिघडत नाही.

दुसरी जागा 14 वा सेकंद, माझ्या नऊ फ्रेम. कॅमेरा आणि आपा यांच्या मधून केळ्यांची हातगाडी गेली. चेहरा झाकला गेला, नक्षी हरवली, आणि गोल गाडीवाल्या चाचांच्या टोपीला चिकटून त्यांच्याबरोबर निघून गेला. गाडी सरकल्यावर आपांचा चेहरा नऊ फ्रेम स्वच्छ उन्हात उघडा होता. मग मी नवीन गोल टाकला होता तो सुरू झाला, म्हणून वेगात पाहताना मला काही जाणवलंच नाही. अशा वेळी एकच ट्रॅक ताणत बसू नये. गाडी येते तिथे क्लिप कापावी. पहिल्या तुकड्यात गाडी चेहरा झाकेपर्यंत ट्रॅक करावं. दुसऱ्या तुकड्यात गाडी गेल्यानंतरची स्पष्ट फ्रेम घेऊन तिथून मागे ट्रॅक करत गाडीपर्यंत यावं. मधल्या काही फ्रेममध्ये ट्रॅकर गोंधळला तर गोल हाताने सरकवावा. मी डाविंची रिझॉल्व्ह वापरतो. त्यात ट्रॅकरच्या खिडकीत `Clip` आणि `Frame` असे दोन पर्याय आहेत. `Clip` वर असताना गोल सरकवला तर पूर्ण ट्रॅकभर सरकतो. `Frame` वर असताना केलेला बदल त्या फ्रेमपाशी नोंदला जातो. हाताने दुरुस्ती करायची ती `Frame` वर.

तिसरी जागा 31 वा सेकंद. आपांनी कुणीतरी हाक मारली म्हणून मान वळवली. समोरून पाहिलेल्या चेहऱ्यासाठी मी गोल बेताचा काढला होता. बाजूने पाहिल्यावर नाक आणि हनुवटी गोलाबाहेर आली. दर फ्रेमला चेहरा शोधणारी सॉफ्टवेअरही पूर्ण बाजूने वळलेल्या चेहऱ्यावर आणि खाली घातलेल्या मानेवर सर्वांत जास्त चुकतात. म्हणून गोल कपाळापासून गळ्यापर्यंत आणि दोन्ही कानांच्या बाहेर जाईल एवढा ऐसपैस घ्यावा.

चौथी जागा मला दुसऱ्यांदा पाहतानाही दिसली नाही, ती आमच्या एका मैत्रिणीने दाखवली. आपा स्कूटरवर बसतात तेव्हा स्कूटरच्या आरशात त्यांचा चेहरा येतो. ट्रॅकरला आरसा कळत नाही. ज्याच्यावर गोल ठेवला तेवढंच तो झाकतो. दुकानाची काच, उभ्या गाडीची काच, चष्मा, दुसऱ्याच्या मोबाइलचा पडदा, या सगळ्या जागा माणसानेच शोधायच्या असतात.

आता स्कूटरची नंबर प्लेट. स्कूटर वळते तशी प्लेट आधी रुंद, मग तिरकी, मग काठीसारखी बारीक होते. नक्षी सतत बदलल्यामुळे ट्रॅकर प्लेटवरून घसरून मागच्या दिव्यावर गेला होता आणि शेवटचे दोन आकडे उघडे राहिले होते. तुम्ही म्हणाल, दोन आकड्यांनी काय होतं? अनोळखी माणसाला काहीच होत नाही. पण आपांना ज्याची भीती होती तो अनोळखी नव्हता. तो ती स्कूटर रोज जिन्याखाली पाहतो. त्याला नंबर शोधायचा नव्हता, फक्त खात्री करायची होती, आणि तेवढ्याला दोन आकडे पुरतात.

प्लेटबद्दल आणखी एक गोष्ट. चौकटी-चौकटी करणारं पिक्सेलेशन आकड्यांसाठी भरवशाचं नाही. चेहऱ्याला अगणित शक्यता असतात, नंबरला नसतात. MH, मग जिल्ह्याचे दोन आकडे, मग अक्षरं, मग चार आकडे, हा साचा सगळ्यांना माहीत आहे. कुणी शक्य ते नंबर तशाच पद्धतीने अस्पष्ट करून आपल्या चित्राशी जुळवून पाहू शकतो. प्लेट हलती असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये चौकटी वेगळ्या जागी पडतात आणि जुळवणाऱ्याला जास्त माहिती मिळते. म्हणून प्लेटवर ब्लर नको, एकरंगी भरीव पट्टी लावा. पट्टीखाली काहीच उरत नाही. ती पुढच्या प्लेटवरही लावा आणि मागच्याही. टेम्पो-ट्रक असेल तर बाजूला रंगवलेला नंबरही पाहा.

सगळं झाल्यावर तपासायचं कसं? सॉफ्टवेअरमध्ये नाही, बाहेर काढलेल्या अंतिम फाइलवर. आणि चालवून नाही, कारण चालत्या चित्रात आपला डोळा निसटलेल्या फ्रेम भरून काढतो. मी त्या फाइलमधून चित्रांचे तक्ते काढतो. एफएफएमपेग नावाचं फुकट साधन आहे, त्याला एवढं सांगायचं:

```
ffmpeg -i final.mp4 -vf "scale=384:-1,tile=5x5" sheet_%03d.png
```

यामुळे एका चित्रात पाच गुणिले पाच, म्हणजे 25 फ्रेम ओळीने येतात. आमचा व्हिडिओ 25 फ्रेमचा, म्हणून एक तक्ता म्हणजे एक सेकंद. 96 सेकंदांचे 96 तक्ते, एकूण 2400 फ्रेम. ऐकायला भयंकर वाटतं, पण तक्त्यावर उघडा चेहरा लगेच डोळ्यात भरतो. दुसऱ्यांदा मी आणि त्या मैत्रिणीने मिळून पाहिलं, तेव्हा चाळीस मिनिटं लागली. ज्याने एडिट केलं त्याच्याशिवाय आणखी एकाने पाहणं गरजेचं आहे. एडिट करणाऱ्याला गोल जिथे असायला हवा तिथे तो दिसतच असतो. तक्त्यात शंका आली तर ती फ्रेम मोठी करून पाहा. व्हीएलसीमध्ये `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. आणि क्लिपवर दिसणारं मुखचित्र स्वतः निवडा. ते आपोआप निवडू दिलं तर नेमकी चुकलेली फ्रेमच वर येऊ शकते.

शेवटी, जे ब्लरने होत नाही ते. आपांचा आवाज, चाल, ओढणीची छपाई, स्कूटरवरचं स्टिकर हे सगळं तसंच राहतं. रोज पाहणाऱ्याला तेवढं पुरतं. हे मी आपांना चित्रीकरणाआधी सांगायला हवं होतं. "काळजी करू नका" हे वाक्य मी आता वापरत नाही. मी सांगतो, "अनोळखी माणूस तुम्हाला ओळखणार नाही. जवळचा माणूस कदाचित ओळखेल. आता सांगा, चित्रीकरण करायचं का?"

दुसऱ्या वेळी आपांनी हेच ऐकलं आणि थोडा विचार करून म्हणाल्या, "मग चेहरा घेऊच नका. हात घ्या, पाठ घ्या." नवी क्लिप तशीच झाली. स्कूटर त्यात नाही. कॅमेरा पूर्ण वेळ त्यांच्या हातातल्या चाव्यांच्या जुडग्यावर आहे. तरीही अंतिम फाइलचे तक्ते आम्ही काढले. 22 व्या सेकंदाला त्यांच्या हातातल्या फोनच्या काळ्या काचेत चेहऱ्याची सावली होती. सहा फ्रेम. त्या आम्ही कापल्या, आणि मग टाकली.